कानबान कार्ड: असेंब्ली लाइनवर एका पार्टची कार्डं किती ठेवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं शक्यतो एकाच उदाहरणावर दिली आहेत, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. लाइन पंपाची आहे आणि दर ६० सेकंदांना एक पंप बाहेर पडतो. प्रत्येक पंपाला एकाच स्टेशनवर २ ब्रॅकेट लागतात, म्हणजे तासाला १२० नग. एका बिनमध्ये ४० ब्रॅकेट बसतात, त्यामुळे एक बिन २० मिनिटं पुरतो. स्टोअरची ट्रॉली दर ३० मिनिटांनी लाइनवर फेरी मारते.

कार्ड नेमकं काय काम करतं?

एक कार्ड म्हणजे एक बिन आणण्याची परवानगी. बिन भरलेला असताना कार्ड त्याच्यावर असतं. बिन वापरात घेतला की कार्ड काढून स्टेशनजवळच्या पेटीत टाकतात. ट्रॉलीवाला पेटीतली कार्डं गोळा करतो, स्टोअरमध्ये तेवढेच बिन उचलतो, प्रत्येक बिनला एक कार्ड लावतो आणि पुढच्या फेरीत लाइनवर पोचवतो. कार्ड नसेल तर बिन हलत नाही. कार्डांची संख्या ठरली की लाइनवर आणि वाटेत मिळून जास्तीत जास्त किती माल असेल हेही ठरून जातं. त्यामुळे या पद्धतीत साठा कमी-जास्त करायचा असेल तर कार्डांची संख्या बदलावी लागते, स्टोअरला तोंडी सूचना देऊन काही होत नाही.

कार्डावर काय काय छापायचं?

पार्ट नंबर, पार्टचं नाव, बिनमधले नग, बिनचा प्रकार, स्टोअरमधला रॅकचा पत्ता, लाइनवरचा पत्ता आणि कार्डाचा अनुक्रमांक. पत्ता 'लाइन २' असा मोघम नको. स्टेशन, रॅक, मजला आणि खण इतका बारीक लिहा, म्हणजे नवा माणूसही न विचारता बिन जागेवर ठेवेल. अनुक्रमांक '२/४' अशा रूपात छापा, म्हणजे चारपैकी दुसरं कार्ड. पुढे कार्ड हरवलं की याच आकड्यावरून शोध लागतो. लहान भाग असतील तर पार्टचा फोटो फार उपयोगी पडतो, कारण डावा आणि उजवा ब्रॅकेट यांच्या नंबरात बहुतेक वेळा शेवटच्या एकाच अंकाचा फरक असतो.

कार्डांची संख्या काढायचं सूत्र काय?

```
कार्डं = तासाची मागणी × भरपाईचा वेळ × (१ + राखीव) ÷ बिनमधले नग
```

उत्तर अपूर्णांकात आलं तर नेहमी वरचा पूर्णांक घ्यायचा. भरपाईचा वेळ तासांत मोजायचा. कार्ड पेटीत पडल्यापासून त्याच कार्डासोबत भरलेला बिन लाइनवर येईपर्यंतचा हा वेळ. आपल्या ब्रॅकेटसाठी मागणी १२०, भरपाईचा वेळ १ तास आणि राखीव १० टक्के धरली तर १२० × १ × १.१ = १३२ नग होतात. १३२ ÷ ४० = ३.३, म्हणून ४ कार्डं.

सूत्र सोपं आहे. चुका होतात त्या बहुधा त्यात घातलेल्या आकड्यांमध्ये, त्यातही भरपाईच्या वेळात.

फेरी ३० मिनिटांची आहे, मग भरपाईचा वेळ १ तास कसा?

ट्रॉली नुकतीच पुढे गेली आणि लगेच कार्ड पेटीत पडलं, असं समजा. ते उचललं जायला पुढची फेरी यावी लागेल, म्हणजे ३० मिनिटं पेटीतच गेली. त्या फेरीत ट्रॉलीवाला फक्त कार्ड घेऊन जातो, बिन येतो त्यानंतरच्या फेरीत. ही आणखी ३० मिनिटं. म्हणून ठरलेल्या अंतराने फिरणाऱ्या ट्रॉलीसाठी सर्वांत वाईट वेळ फेरीच्या दुप्पट असतो. फेरी येण्याच्या जरा आधी पडलेल्या कार्डाचा बिन मात्र ३० मिनिटांतच येतो.

सरासरी ४५ मिनिटं निघते आणि ती धरायचा मोह होतो. तशी धरली तर राखीव मिळवूनही ९९ नग येतात, म्हणजे ३ कार्डं. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात ३ कार्डं म्हणजे १२० नग, नेमके ६० मिनिटांचे. उशिरा उचललेलं कार्ड आणि दोन मिनिटं उशिरा आलेली ट्रॉली एकत्र आली की स्टेशन रिकामं बसेल.

पण प्रत्यक्षातला वेळ कसा मोजायचा?

दोन-तीन शिफ्ट प्रत्येक कार्डासोबत एक चिठ्ठी जोडा. पेटीत टाकताना वेळ, ट्रॉलीने उचलताना वेळ, स्टोअरमध्ये बिन ट्रॉलीवर चढताना वेळ आणि लाइनवर उतरताना वेळ, अशा चार नोंदी पुरतात. मग यादीतली मोठ्या वेळेकडची बाजू पाहा. फोर्कलिफ्ट बंद पडल्यामुळे एकदा झालेले तीन तास सोडून द्यावेत, पण दर जेवणाच्या सुट्टीत होणारी ७५ मिनिटं सोडून चालणार नाहीत. लाइन आणि स्टोअर यांच्या सुट्ट्या वेगळ्या वेळी असतील तर हा घोटाळा हमखास होतो: लाइन चालू, ट्रॉली उभी. तिथे कार्डं वाढवण्याआधी सुट्टीची वेळ जुळवता येते का ते पाहा.

कार्ड पहिला नग उचलताना काढायचं की बिन रिकामा झाल्यावर?

पहिला नग उचलताना. हा शिस्तीचा मुद्दा तर आहेच, शिवाय याने हिशोबच बदलतो. बिन रिकामा झाल्यावर कार्ड काढलं तर लाइनने बिन उघडल्याची बातमी स्टोअरला २० मिनिटं उशिरा मिळते. तेवढा वेळ भरून काढायला एक जादा बिन धरावा लागतो:

```
(१३२ + ४०) ÷ ४० = ४.३, म्हणून ५ कार्डं
```

यातला धोका असा की सूत्र पहिल्या नगाच्या नियमावर मांडलेलं असतं आणि ऑपरेटर मात्र बिन संपल्यावर कार्ड टाकतात. कागदावर ४ कार्डं बरोबर, लाइनवर मात्र तुटवडा. कार्ड बिनच्या तळाशी किंवा मागच्या बाजूला अडकवलेलं असेल तर असंच होणार. कार्डाचा खिसा बिनच्या पुढच्या बाजूला, हात जातो तिथेच हवा. उघडलेल्या बिनवर कार्ड दिसलं की सुपरवायझरने तिथल्या तिथे ते पेटीत टाकायला लावावं.

दोन-बिन पद्धत यापेक्षा वेगळी आहे का?

ती याच सूत्राची एक ठरावीक बाजू आहे. रिकामा बिनच कार्डाचं काम करतो, म्हणजे निरोप बिन संपल्यावर जातो आणि कार्डं कायम २. म्हणून उरलेला एक बिन पूर्ण भरपाईच्या वेळेला पुरला पाहिजे. आपल्या ब्रॅकेटसाठी तो १३२ नगांचा बिन झाला असता, जो उचलायलाही जड. नट, वॉशर, ओ-रिंग अशा लहान आणि स्वस्त मालासाठी ही पद्धत उत्तम, ब्रॅकेटसाठी नको.

राखीव १० टक्केच का? जास्त धरली तर?

खरं सांगायचं तर थोडी कार्डं असताना टक्केवारीला फारसा अर्थ राहत नाही, कारण वरचा पूर्णांक घेताना ती गिळली जाते. १० टक्के म्हणजे इथे ६ मिनिटं. पण ३.३ चे ४ केल्यावर लाइनकडे १६० नग झाले, म्हणजे ८० मिनिटं. सर्वांत वाईट भरपाई ६० मिनिटांची, म्हणजे हातात २० मिनिटं उरली. टक्के २० धरले असते तरी उत्तर ४ च आलं असतं.

त्यापेक्षा असं विचारा: राखीव नेमकी कशासाठी? ट्रॉलीची एक फेरी चुकली तरी लाइन चालू राहावी, असं ठरवलं तर भरपाईचा वेळ ९० मिनिटं धरावा लागतो. त्याचे १८० नग आणि ५ कार्डं. ४ कार्डांवर फेरी चुकली तर सर्वांत वाईट वेळी लाइन १० मिनिटं थांबेल. एखादा पूर्ण बिन नाकारला जाण्याची भीती असेल तर त्यासाठी एक कार्ड लागतं. शंभरात एखादा खराब नग निघतो त्यासाठी वेगळं कार्ड लागत नाही. प्रत्येक जादा कार्डापुढे त्याचं कारण लिहून ठेवा. ते कारण दूर झालं की कार्डही जाईल. 'असू दे एक जादा' म्हणून ठेवलेलं कार्ड मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहतं.

मागणी दिवसाची सरासरी धरायची का?

इथे दोन चुका होतात. पहिली साधी आहे. ८ तासांच्या शिफ्टमध्ये ३० मिनिटं सुट्टी असेल तर लाइन ४५० मिनिटं चालते आणि ४५० पंप होतात, म्हणजे ९०० ब्रॅकेट. त्याला ८ ने भागलं तर ११२.५ येतात, ७.५ ने भागलं तर १२०. सुट्टीत पार्ट लागत नाहीत, म्हणून भाग चालू तासांनीच द्यायचा.

दुसरी चूक महागात पडते. समजा एक सील फक्त एकाच मॉडेलला लागतं आणि ते मॉडेल उत्पादनाच्या २५ टक्के आहे. सरासरीने तासाला १५ सील. लाइनवर दर चार पंपांत ते मॉडेल एकदा येत असेल, तर हा आकडा बरोबर. पण ते मॉडेल सलग दोन तास चालवलं तर त्या वेळात सील तासाला ६० लागतात आणि सरासरीवर काढलेली कार्डं पंधरा-वीस मिनिटांत संपतात. भरपाईच्या वेळेइतक्या कोणत्याही खिडकीत जास्तीत जास्त किती नग लागू शकतात, तो आकडा धरा. मॉडेलचा क्रम नीट मिसळून लावला तर कार्डं कमी होतात, हा त्या मिसळण्याचा थेट फायदा आहे.

बिन लहान केला तर कार्डं वाढतात, मग फायदा काय?

कार्डं वाढतात, साठा कमी होतो. बिन २० नगांचा केला तर १३२ ÷ २० = ६.६, म्हणजे ७ कार्डं आणि १४० नग. आधी १६० होते. पूर्णांक करताना वाया जाणारा भाग लहान झाला. पण आता बिन १० मिनिटांत संपतो आणि ट्रॉलीवाल्याला दर फेरीला साधारण ३ बिन द्यावे लागतात. ४० च्या बिनला एका फेरीला १, दुसरीला २ असे येत होते. सर्व पार्टची अशी बेरीज एका फेरीत ट्रॉलीवर मावते का आणि ३० मिनिटांत उतरवून होते का, हे तपासल्याशिवाय बिन लहान करू नका.

साठा कमी करायचा असेल तर फेरीकडे आधी पाहा. फेरी २० मिनिटांची झाली की भरपाईचा वेळ ४० मिनिटं होतो, ८८ नग लागतात आणि त्याच ४० च्या बिनमध्ये ३ कार्डांत काम भागतं.

बिनमधला आकडा मात्र पक्का हवा. स्टोअरमधून ४० ऐवजी ३६ भरून येऊ लागले तर ४ कार्डांमागे १६ नग, म्हणजे ८ मिनिटं कमी झाली, आणि कार्डांच्या मोजणीत हे कुठेच दिसणार नाही.

लाइनवरच्या रॅकमध्ये किती बिनची जागा ठेवायची?

कार्डांपेक्षा एक जास्त. लाइन मध्येच थांबली आणि ट्रॉली फिरत राहिली तर वाटेतली सगळी कार्डं बिन घेऊन परत येतात: ४ भरलेले आणि १ अर्धवट उघडा, ज्याचं कार्ड आधीच गेलेलं होतं. पाचवी जागा नसेल तर पाचवा बिन खाली फरशीवर किंवा शेजारच्या पार्टच्या खणात जातो आणि पुढच्या आठवड्यात चुकीचा पार्ट लागतो. रॅक उताराचा असेल तर भरणं मागून आणि वापर पुढून ठेवा, म्हणजे जुना माल आधी संपेल. रिकाम्या बिनची परतीची पट्टी वेगळी हवी, तिची जागा या पाचात मोजू नये.

लाइनचा वेग वाढला तर प्रत्येक वेळी नवीन कार्डं छापायची?

हिशोब प्रत्येक वेळी करायचा, छापायची गरज कधी पडते, कधी नाही. वेग ५० सेकंदांवर आला तर मागणी १४४. राखीव धरून १५८.४ नग, भागिले ४० म्हणजे ३.९६. कार्डं ४ च राहिली. पण १६० नग आता ८० ऐवजी जेमतेम ६७ मिनिटं पुरतात. आकडा तोच राहिला म्हणून कुणी लक्ष देत नाही, आणि पूर्वी सहज पचणारा १५ मिनिटांचा उशीर आता लाइन थांबवतो. ४५ सेकंदांवर मागणी १६० होते, १७६ नग लागतात आणि ५ कार्डं होतात.

संख्या बदलली की जुनी कार्डं गोळा करून १/५ ते ५/५ असा नवा संच छापा. जुन्या चारमध्ये एक नवं मिसळलं तर पुढे हरवलेलं कार्ड कोणतं, हे कळणार नाही. वाढ आठ-दहा दिवसांचीच असेल तर वेगळ्या रंगाचं तात्पुरतं कार्ड द्या आणि त्यावर परत घेण्याची तारीख लिहा.

स्टोअरच्या मागे वेल्डिंग सेल आहे. तिथेही हेच सूत्र चालेल का?

तिथे लॉट मिळवावा लागतो. सेल एकाच फिक्स्चरवर ब्रॅकेट आणि दुसरा पार्ट आळीपाळीने करत असेल, तर एक कार्ड आलं म्हणून फिक्स्चर बदलता येत नाही. कार्डं बोर्डावर साठतात आणि ठरलेल्या खुणेपर्यंत आली की लॉट सुरू होतो. समजा लॉट २४० नगांचा आहे, म्हणजे ६ कार्डं. खुणेपासून पूर्ण लॉट स्टोअरमध्ये येईपर्यंत दीड तास लागतो. या दीड तासात फिक्स्चर बदलणं, वेल्डिंग, तपासणी आणि आधीचा पार्ट संपण्याची वाट पाहणं, सगळं आलं.

```
(१२० × १.५ + २४०) ÷ ४० = १०.५, म्हणून ११ कार्डं
```

ही कार्डं लाइनच्या ४ कार्डांपेक्षा वेगळी, स्टोअर आणि सेल यांच्यामध्ये फिरणारी. रंगही वेगळा ठेवा. स्टोअरमध्ये बिन उचलला की सेलचं कार्ड काढून सेलकडे जातं आणि त्याच्या जागी लाइनचं कार्ड लागतं. ११ पैकी ६ कार्डं निव्वळ लॉटमुळे आली आहेत. फिक्स्चर बदलण्याचा वेळ निम्मा झाला आणि लॉट १२० वर आणता आला, तर ३०० ÷ ४० म्हणजे ८ कार्डांवर भागतं, तेही दीड तास तसाच राहिला असं धरून.

कार्डं हरवतात. काय करायचं?

आठवड्यातून एकदा शिफ्ट बदलताना मोजणी करा. भरलेल्या बिनवरची, पेटीतली, ट्रॉलीवरची आणि स्टोअरच्या बोर्डावरची कार्डं मिळून ४ भरली पाहिजेत. ३ भरली तर लाइन काही न बोलता ४० नगांनी उपाशी आहे. सहसा कार्ड ऑपरेटरच्या खिशात, धुवायला गेलेल्या रिकाम्या बिनमध्ये किंवा नाकारलेल्या मालाच्या रॅकवर सापडतं. या तिसऱ्या जागेकडे विशेष लक्ष द्या: बिन तपासणीसाठी अडवला की त्याचं कार्डही अडकतं. अडवलेल्या बिनवरून कार्ड काढून पेटीत टाकायचा नियम करा.

हरवल्याची खात्री झाली तर तोच अनुक्रमांक आणि 'दुसरी प्रत' असा शिक्का मारून नवं कार्ड द्या आणि वहीत नोंदवा. नाहीतर दोन महिन्यांनी जुनं सापडतं, कुणीतरी आनंदाने ते पेटीत टाकतं आणि ४ ची ५ होतात. कार्डांशिवाय 'तातडीने' आणलेला बिन हाही तोच प्रकार आहे. त्यामुळे त्या दिवशी लाइन वाचते, पण पुढचे कित्येक दिवस संख्या जुळत नाही.

कार्डं कमी कधी करायची?

ट्रॉली माल उतरवण्याआधी रॅकवर किती भरलेले बिन शिल्लक आहेत, एवढंच दर फेरीला एका तक्त्यावर टिचकी मारून नोंदवा. दोन आठवड्यांत हा आकडा कधीच २ च्या खाली गेला नाही, तर एक कार्ड काढून घ्या आणि पुन्हा पाहा. वारंवार ० दिसत असेल आणि लाइन उघड्या बिनवर तग धरत असेल, तर कार्ड वाढवण्याआधी चिठ्ठीवरचे वेळ तपासा. तिथे बहुतेक वेळा फेरी उशिरा धावताना सापडते. एका वेळी एकच कार्ड, एकाच पार्टचं काढा. दहा पार्टची कार्डं एका दिवशी काढली आणि लाइन थांबली, तर कारण शोधता येणार नाही.

कार्डाऐवजी बारकोड स्कॅन केला तर?

निरोप लगेच पोचतो, त्यामुळे पेटीत वाट पाहण्याचा भाग वाचू शकतो. पण ट्रॉली फेरीच्याच वेळेला निघत असेल आणि स्टोअरमध्ये बिन आधीच काढून ठेवत नसतील, तर भरपाईचा वेळ तसाच राहतो आणि कार्डं कमी करता येत नाहीत. एकच कार्ड दोनदा स्कॅन झालं तर सिस्टिमने दुसरा निरोप नाकारला पाहिजे. हे सुरू करण्याआधी मुद्दाम करून पाहा.

कोणते पार्ट कानबानवर घेऊ नयेत?

महिन्यातून एखाद्या ऑर्डरला लागणारे, कारण त्यांचा भरलेला बिन लाइनवर जागा अडवून पडून राहतो. शिवाय रंग किंवा मॉडेलप्रमाणे खूप प्रकार असलेले मोठे भाग, जसं पंपाचं बाहेरचं आवरण. प्रत्येक प्रकाराचा एक बिन ठेवायचा म्हटलं तर रॅक स्टेशनपेक्षा लांब होईल. असे भाग मॉडेलच्या क्रमाने लावून ट्रॉलीवर आणलेले बरे. मुदत संपणारे चिकट पदार्थ घेता येतात, पण सगळ्या कार्डांमागचा माल मिळून किती दिवसांचा होतो ते मुदतीशी आधी ताडून पाहा.